एका मिनिटाची आपबीती

समाजाच्या मेळाव्यात अनुभवकथनास एकच मिनिट मिळते. संथपणे बोलल्यास त्यात सुमारे शंभर शब्द मावतात. त्यांतले वीस प्रारंभाला, पन्नास पडत्या क्षणाला आणि उरलेले बोधाला द्यावेत. बहुतेकांचे मिनिट मात्र दुकानाच्या उद्घाटनाच्या वर्णनातच सरते!

समजा, तुळिंजमधील एक कापड व्यापारी जुलै २०१८ च्या पुराविषयी बोलत आहे. प्रारंभ इतकाच: ‘सणासुदीसाठी उधारीवर साड्या भरल्या होत्या.’ पुढे किती पाऊस पडला, हे सांगू नये. त्याने पाहिलेले सांगावे: ‘शटर उघडले. खालच्या दोन फळ्यांवरील गठ्ठे भिजून फुगले होते. खतावणी उचलली, तर घाऊक व्यापाऱ्याच्या नावावरची शाई पसरलेली. देणे मात्र जसेच्या तसे.’ येथे क्षणभर थांबावे. ते मौनही मिनिटातच धरावे.

‘धीर सोडू नका’ हा बोध कोणत्याही कथेला चिकटतो, म्हणून तो टाळावा. बदललेली कृती सांगावी: ‘आता माल कमरेच्या वर असतो, हिशेबाची प्रत घरी असते आणि विम्यात पुराचा समावेश आहे का, हे पावसाळ्यापूर्वी मी स्वतः वाचतो.’

शेवटी घड्याळ लावून मोठ्याने वाचावे. सत्तर सेकंद झाले, तर प्रारंभ छाटावा. खतावणीला हात लावू नये.