एका 'व'ची तारांबळ

कडवंचीचा एक विद्यार्थी परवा म्हणाला, "सर, मुलाखतीत मी घरच्या द्राक्षवेलींबद्दल इंग्रजीत सांगितले, आणि समोरच्यांना ऐकू आली दारू!" मी मराठीचा मास्तर, पण दोष आमच्याच 'व'चा, म्हणून मीच बसलो.

आपल्या 'व'ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. इंग्रजीतल्या दोन्ही आवाजांना आपण हाच 'व' वापरतो. मग वेलीसाठी आपण 'व्हाइन' लिहितो आणि लिहिल्याबरहुकूम त्यात नसलेला 'ह' फुंकतो.

पहिले दोन दिवस त्याला बोलू दिले नाही. पुस्तकाआड तोंड लपवून मी दोहोंपैकी एक शब्द म्हणे. त्याने वेल की बाटली ते ओळखायचे. दहांत नऊ बरोबर आले, तेव्हा आरसा दिला. वेलीसाठी वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवून तीन मोजेपर्यंत भुंग्यासारखा गुणगुण आवाज करायचा, मग 'आइन'. तोंडासमोरच्या हातावर फुंकर लागली, तर 'ह' शिरला समजावे. दारूसाठी दात दूर; ओठांचा चंबू करून 'ऊ' म्हणत 'आइन'वर जायचे, आणि 'ऊ' रोज थोडा आखडायचा.

सुटे शब्द आठवड्यात बसले. 'व्हेरी वेल' म्हणताना मात्र दोन्हीकडे जुनाच 'व'! म्हणून असे जोडशब्द संथ लयीत घोकवले. आता स्वारी 'वॉटर' म्हणतानाही ओठ चावते. पुन्हा पुस्तकाआडून सुरुवात केली आहे.