पाकिटावरचा ‘एक सर्व्ह’ कोणाचा?



घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह निघाला की डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, साखर कमी करा. मग भाजी अळणी होते, चहा बिनसाखरेचा होतो. पण त्याच चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किट चालूच राहते आणि संध्याकाळी फरसाणाचे पाकीट फुटते. डब्यातले मीठ आपल्या डोळ्यांना दिसते, पाकिटातले दिसत नाही. ते फक्त पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी कायद्याला पुरतो. मराठीची सक्ती नाही. त्यामुळे आजी-आजोबांना तो वाचता येत नाही आणि आई-वडिलांना कामाच्या धावपळीत सवड नसते. म्हणून आम्ही हे काम आठवी ते बारावीतल्या मुला-मुलींकडे देऊ इच्छितो. त्यासाठी गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

मागच्या बाजूला ‘न्यूट्रिशनल इन्फर्मेशन’ असा तक्ता असतो. त्यात आपल्याला दोन ओळी शोधायच्या आहेत. पहिली ‘ॲडेड शुगर’, म्हणजे वरून घातलेली साखर. ती ग्रॅममध्ये असते. दुसरी ‘सोडियम’. मिठाचा आकडा बहुधा मीठ म्हणून छापत नाहीत, सोडियम म्हणून छापतात आणि तोही मिलिग्रॅममध्ये. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १००० मिलिग्रॅम, अर्थात १ ग्रॅम मीठ.

आता तक्त्याचे रकाने पाहा. एका रकान्यात बहुधा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरचा आकडा असतो. दुसऱ्यात ‘पर सर्व्ह’, म्हणजे एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या प्रमाणाचा किती टक्के भाग जातो ते. हे टक्के मोठ्या माणसासाठी दिवसाला ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, असे धरून काढलेले असतात. ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा.

गोम आहे ती या ‘सर्व्ह’मध्ये. तो २० ग्रॅमचा की ४० ग्रॅमचा, हे कंपनी छापते. आपण खातो किती, याच्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे आम्ही शिकण्यासाठी घेतले आहेत, ते कोणत्याही कंपनीचे नाहीत.

शेवेची दोन पाकिटे आहेत, दोन्ही ६० ग्रॅमची. पहिल्यावर लिहिले आहे : १०० ग्रॅममध्ये सोडियम ८०० मिलिग्रॅम, सर्व्ह २० ग्रॅम, दिवसाच्या प्रमाणाच्या ८ टक्के. दुसऱ्यावर : १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम, सर्व्ह ४० ग्रॅम, १२ टक्के. नुसते टक्के पाहणारा म्हणेल, पहिले बरे. पण पहिल्याचा सर्व्ह निम्मा आहे, म्हणून टक्के कमी दिसतात. १०० ग्रॅमचा आकडा पाहिला की खरे कळते. पहिलेच जास्त खारट आहे.

आणि ६० ग्रॅमचे पाकीट फोडून २० ग्रॅमवर थांबतो कोण? पूर्ण पाकिटाचा हिशेब असा : ८०० ला ६० ने गुणा आणि १०० ने भागा. उत्तर ४८० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे १.२ ग्रॅम मीठ. टक्के काढायला सोपी युक्ती आहे. सोडियमच्या मिलिग्रॅमना २० ने भागायचे. ४८० भागिले २०, म्हणजे २४ टक्के. पाकिटावर ८ छापले होते, पोटात २४ गेले. दुसऱ्या पाकिटाचे हेच उत्तर ३६० मिलिग्रॅम, म्हणजे १८ टक्के. साखरेचे टक्के काढायचे असतील तर ग्रॅमची दुप्पट करायची.

तेव्हा नियम दोनच. दोन वस्तूंची तुलना करताना १०० ग्रॅमचा आकडा घ्या. आपण किती खाल्ले हे काढताना खरोखर खाल्लेल्या वजनाचा आकडा काढा.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. हे टक्के मोठ्या माणसाचे आहेत. पाच-सहा वर्षांच्या लेकरासाठी तेच पाकीट याहून भारी पडते. शिवाय दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात घरची भाजी, लोणचे, पापड, चटणी सगळे येते. पाकिटाला वेगळा कोटा नाही.

वस्तीतल्या दुकानात टांगलेल्या अगदी छोट्या पुड्यांची आणखी एक अडचण आहे. ज्या पुडीचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही, तिच्यावर हा तक्ता छापण्यातून सूट आहे. तो बाहेरच्या मोठ्या पॅकवर असतो. दुकानदाराकडे ते पॅक मागून पाहा, किंवा त्याच मालाच्या मोठ्या पाकिटावर वाचा.

आता वही घ्या.

प्रश्न १. ६०० मिलिलिटरची थंड पेयाची बाटली. १०० मिलिलिटरमध्ये वरची साखर ११ ग्रॅम. सर्व्ह २०० मिलिलिटर. एकट्याने बाटली संपवली तर साखर किती? दिवसाच्या प्रमाणाच्या किती टक्के?

प्रश्न २. नूडल्सची एक वडी ७० ग्रॅमची. १०० ग्रॅममध्ये सोडियम ११०० मिलिग्रॅम. मसाल्यासकट दोन वड्या खाल्ल्या तर मीठ किती ग्रॅम?

प्रश्न ३. ‘क’ बिस्किट : १६ ग्रॅमच्या सर्व्हमध्ये वरची साखर ४ ग्रॅम. ‘ख’ बिस्किट : २५ ग्रॅमच्या सर्व्हमध्ये ५ ग्रॅम. जास्त गोड कोणते?

प्रश्न ४. साध्या दुधाच्या पिशवीवर ‘टोटल शुगर’ ५ ग्रॅम आणि ‘ॲडेड शुगर’ ० आहे. दुधात साखर मिसळली आहे का?

उत्तरे. (१) ६६ ग्रॅम, १३२ टक्के. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर तेरा चमचे. (२) १४० ग्रॅममध्ये १५४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ३.८५ ग्रॅम मीठ. एका बैठकीत दिवसाचे ७७ टक्के संपले. (३) १०० ग्रॅमवर आणा : ‘क’ २५ ग्रॅम, ‘ख’ २० ग्रॅम. ‘क’ जास्त गोड, जरी त्याच्या सर्व्हचा आकडा लहान होता. (४) नाही. ती दुधातली मूळची साखर आहे.

इतका हिशेब शिकवूनही आमचे मत असे की, तो ग्राहकाच्या माथी मारणे बरोबर नाही. भाजी-भाकरीच्या घाईत दुकानात उभे राहून भागाकार कोण करणार? चिली देशात २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेपलीकडे असलेल्या पाकिटांवर पुढच्या बाजूलाच काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही तो दिसतो. आपल्याकडेही इशारा पुढे यावा, एकट्याने खाण्याच्या पाकिटावर पूर्ण पाकिटाचे टक्के असावेत आणि ते मराठीतही असावेत, अशी आमची मागणी आहे.

तोवर, आजीसाठी खारीचा पुडा आणायला जाल तेव्हा दोन पुडे उलटे करा, १०० ग्रॅममधले सोडियम वाचा आणि कमी आकड्याचा घ्या. पुडा घरी आला की त्यातल्या दोन खाऱ्यांचे वजन आणि मीठ किती होते, ते आजीला सांगा. किती खायच्या, हे तिला ठरवू द्या.