‘कागद स्वच्छ आहेत’ या शब्दांची जबाबदारी कोणाची?

जुन्या सदनिकेच्या व्यवहारात दलालाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते. ‘कागदपत्रे अगदी स्वच्छ आहेत, काही पाहायचे नाही.’ या वाक्यावर विसंबून आयुष्याची पुंजी गुंतविणारा माणूस बहुधा नोकरदार वा निवृत्त असतो. पुढे थकबाकी आणि वारसांचे तंटे उपस्थित झाले म्हणजे ‘दलालाने फसविले’ अशी तक्रार तो करतो आणि पुष्कळदा ती टिकत नाही. दलालाला कायदा मोकळे सोडतो, असे याचे कारण नव्हे. तक्रार चुकीच्या जागी, चुकीच्या शब्दांत आणि पुराव्याविना केली जाते, हे खरे कारण आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी नेहमी घडणाऱ्या प्रकाराचे एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाण्यातील एका निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीच्या रकमेतून तीस वर्षे जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका 40 लाखांना घेतली. कर्ज काढले नसल्यामुळे बँकेच्या वकिलाची नजर कागदांवर पडली नाही. दलालाने एक टक्का, म्हणजे 40 हजार रुपये दलाली घेतली. खरेदीखत नोंदले गेले, ताबा मिळाला. मात्र सभासदत्वाचा अर्ज दिल्यावर संस्थेने 1 लाख 85 हजारांची देखभाल व दुरुस्तीची थकबाकी पुढे केली. महापालिकेचा 42 हजारांचा मालमत्ता कर राहिला होता, तोही निघाला. त्याच महिन्यात विक्रेत्याच्या बहिणीची नोटीस आली. सदनिका वडिलांची होती, भाऊ केवळ नामनिर्देशित होता आणि तिने आपला हिस्सा सोडलेला नव्हता.

येथे तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्यांचे उत्तरदायित्व एकाच माणसावर टाकता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे विक्रीच्या दिवसापर्यंतचे सार्वजनिक कर भरण्याची आणि मालकीहक्कातील ठाऊक असलेला दोष उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. तेव्हा कराची रक्कम आणि बहिणीच्या हिश्श्याचा प्रश्न यांचे पहिले उत्तर विक्रेत्याने द्यावयाचे असून, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटेल. संस्थेच्या थकबाकीचा भार व्यवहारात खरेदीदारावर येतो, कारण ती फिटल्यावाचून संस्था सभासदत्व देण्यास नाखूष असते. ती रक्कमही करारातील अटींनुसार विक्रेत्याकडूनच मागावी लागते.

मग दलालाविरुद्ध काय उरते? उरते ते त्याचे विधान. दलाल मालक नाही की वकील नाही, हे खरे. परंतु त्याने मोबदला घेऊन सेवा दिली आणि त्या सेवेचा भाग म्हणून ठाम विधान केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील उणिवेच्या व्याख्येत एक महत्त्वाची भर घातली आहे. सेवा देणाऱ्याने संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे ही आता उणीव ठरते. यामुळे तक्रारीचा मुद्दा ‘कागद अस्वच्छ निघाले’ एवढाच ठेवून भागत नाही. ‘अमुक माहिती दलालाच्या हाती होती, ती त्याने सांगितली नाही आणि उलट विधान केले’ असा तो मांडावा लागतो.

उपरोक्त उदाहरणात हे सिद्ध करणे कितपत शक्य आहे? भागप्रमाणपत्राची प्रत दलालानेच शिक्षकांना दिली होती. त्याच्या मागील बाजूस हस्तांतरणाच्या नोंदी असतात, आणि तेथे वडिलांच्या जागी मुलाचे नाव नामनिर्देशनावरून लागल्याचे दिसते. नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक 2 मध्ये मात्र वडिलांच्या खरेदीनंतर मुलाच्या नावे कोणताही दस्त नाही. मालकीच्या साखळीत कडी निखळली आहे, याची ही खूण होय. नामनिर्देशन संस्थेपुरते नाव लावते, वारसांचा हक्क संपवीत नाही. 2016 च्या इंद्राणी वाही प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने संस्थेने नामनिर्देशिताच्या नावे भाग करावेत असे सांगतानाच वारसांना मालकीचा दावा करण्याची वाट खुली ठेवली. अशा वेळी बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोड पत्र मागणे हे दलालाचे किमान काम होते.

तथापि दलालाच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. नोंदलेल्या दस्ताची माहिती खरेदीदाराला आहे असे कायदा धरून चालतो. जो शोध वकिलाकडून घेता आला असता तो घेतला नाही, ही खरेदीदाराची हयगय, असे दलाल म्हणेल. यास्तव थकबाकीचा मुद्दा तक्रारीत अधिक बळकट असतो. ती नोंदणी कार्यालयाच्या शोधात दिसत नाही, संस्थेच्या पुस्तकात असते. दलालाने संस्थेच्या कार्यालयात जाऊन सचिवाशी बोलणे केले होते, हे दाखविता आले तर त्याला अज्ञानाची ढाल पुढे करता येत नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत करावयाची असते आणि तक्रारदार राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. येथे सेवेचा मोबदला म्हणजे दलाली होय, सदनिकेची किंमत नव्हे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. पुरावा मात्र कागदाचा लागतो. दलालीची पावती अथवा बँकेतील नोंद, सदनिकेची त्याने दिलेली जाहिरात आणि त्याने भ्रमणध्वनीवर लिहून पाठविलेला मजकूर यांवर सारे अवलंबून असते. दलाली रोखीने आणि बोलणे तोंडी, अशा प्रकरणात सत्य तक्रारदाराच्या बाजूस असूनही हाती काही लागत नाही. आणि सारे सिद्ध झाले तरी मिळते ती दलालीची परतफेड व काही भरपाई. मालकी त्यातून शुद्ध होत नाही.

कायद्यातील खरी पोकळी यापुढे आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, खोटी विधाने करण्यास मनाई केली आणि भंगासाठी दररोज दहा हजार रुपये, कमाल सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, असा दंड ठेवला. परंतु ही बंधने त्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरतीच आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतील सदनिका विकणारा तोच दलाल या चौकटीबाहेर राहतो. वस्तुतः वारसांचे तंटे, जुनी थकबाकी आणि गहाळ दस्त हे दोष जुन्या घरांतच अधिक असतात. जेथे धोका मोठा तेथे नियम नाही, अशी ही विसंगती आहे.

ती दूर करण्यास मोठ्या यंत्रणेची गरज नाही. जुन्या सदनिकेची दलाली घेणाऱ्याने पावतीसोबत स्वतःच्या सहीचे निवेदन द्यावे, एवढी सक्ती पुरेशी आहे. मालकीची साखळी कोणत्या दस्तांनी पूर्ण होते, संस्थेचा व महापालिकेचा थकबाकी नसल्याचा दाखला कोणत्या तारखेचा आहे आणि कोणत्याही वारसाची वा न्यायालयाची नोटीस त्याला ठाऊक आहे काय, हे तीनच प्रश्न त्यात असावेत. कायदा होईपर्यंत खरेदीदाराने दलाली देण्यापूर्वी ही तीन उत्तरे स्वतःच लेखी मागावीत. ती लिहून देण्यास जो दलाल कचरतो, त्याला कागदांची स्थिती ठाऊक नसते किंवा ती चांगलीच ठाऊक असते.