‘मऊ जेवण’ म्हणजे पेज नव्हे!

माझे मामा निपाणीजवळच्या खेड्यात राहतात. म्हैसूरला मुलाकडे आले असताना त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. दवाखान्यातून सोडताना हातात फाइल मिळाली, ती सगळी इंग्रजीत. घरच्यांनी ती माझ्यापुढे सरकवली, कारण मी इंग्रजी घेऊन बीए केलंय. खरं सांगू? मलाही ती धड कळली नाही.

जेवणाबद्दल एकच ओळ होती: ‘सॉफ्ट डाएट, अ‍ॅस्पिरेशन प्रिकॉशन्स.’ मी सांगितलं, “मऊ जेवण द्यायचं आणि ठसका लागू द्यायचा नाही.” मामी लगेच म्हणाल्या, “मऊ म्हंजे पेजच की. आजारी माणसाला आणि काय देत्यात?”

तुमच्याही घरी असंच म्हणाले असते ना? आणि नेमका तिथेच धोका होता.

म्हैसूरला मानसगंगोत्रीत १९६५ साली सुरू झालेली वाक् आणि श्रवण संस्था आहे. तिथे बोलण्याबरोबर गिळण्याचीही तपासणी होते. मामांना तिथे नेलं, तेव्हा उलगडा झाला. पक्षाघातात घशाचे स्नायूही मंदावतात. पाणी, चहा, पातळ पेज हे पदार्थ झरकन घशात उतरतात आणि श्वासनलिकेचं दार वेळेवर बंद होत नाही. मग घास पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे ज्याला आपण ‘हलकं’ समजतो, तेच अशा माणसाला गिळायला सगळ्यात अवघड. आमटीत कुस्करलेली भाकरीसुद्धा नको, कारण त्यात पातळ रस आणि घट्ट तुकडे एकदम तोंडात येतात.

मग मी तो कागद मामींसाठी मराठीत पुन्हा लिहिला, थेरपिस्टकडून तपासून घेतला आणि मोठ्या अक्षरांत चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवायला दिला. तो असा:

१. जेवताना मामांना ताठ बसवा, पाठीला उशी द्या. झोपवून पाण्याचा थेंबही देऊ नका. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू द्या.

२. मऊ भात-वरण गुठळी न राहता घोटून द्या. चमचा तिरका केल्यावर धार लागली तर ते पातळ आहे. गोळा होऊन पडलं तर बरोबर. पाणी आणि चहाही थेरपिस्टनी दाखवलं तेवढं दाट करूनच.

३. चहाचा छोटा चमचा वापरा. घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने द्या. पहिला गिळल्याशिवाय दुसरा नको. पेंगत असतील तर भरवू नका.

४. शेवटी उजव्या गालात बोट फिरवून बघा. तिथे अन्न साठतं आणि त्यांना कळत नाही. मग दात आणि जीभ स्वच्छ करा.

५. गोळ्या एकही दिवस चुकवू नका, बरं वाटलं तरी बंद करू नका. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारा. प्रत्येक गोळी कुटून देता येत नाही.

६. अंथरुणातून उठवताना उजवा हात ओढू नका, खांदा निखळतो.

कागद वाचून झाल्यावर मी मामींना विचारलं नाही की, “कळलं का?” त्यावर सगळेच ‘हो’ म्हणतात. मी म्हटलं, “मामी, आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी चहा कसा देणार?” त्या म्हणाल्या, “बशीत ओतून, गार करून.” म्हणजे चहा पातळच राहिला! ती ओळ पुन्हा समजावली. दुसऱ्या वेळी त्यांनी बरोबर सांगितलं.

एक गोष्ट मात्र जपा. घास चुकीच्या वाटेने गेला की दर वेळी खोकला येतोच असं नाही. काहींच्या घशाला ते जाणवतच नाही. म्हणून दोन-चार घासांनंतर मामांना ‘आऽ’ म्हणायला लावायचं. आवाज ओला, घरघरता आला तर भरवणं थांबवायचं. ताप आला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तोंड पुन्हा वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली तर लगेच १०८ ला फोन करायचा आणि शेवटचं ठीक कधी होते ती वेळ सांगायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हा कागद मामांचा आहे. तुमच्या माणसाला किती दाट चालेल, हे त्याचं गिळणं तपासूनच ठरतं, आणि सुधारणा झाली की बदलतंही. म्हणून दवाखाना सोडण्याआधीच विचारा, “पाणी कसं द्यायचं? एक चमचा आमच्यासमोर भरवून दाखवता का?”

परवा मामींचा फोन आला. म्हणाल्या, “पेज ठेवलीय गं, पण ती माझ्यासाठी.”