ताबा न मिळालेल्या घराचे पैसे

होळकरांच्या छत्र्यांवरून नाव पडलेल्या आमच्या छत्रीबागेतील जुनी घरे आता अपुरी पडू लागली आहेत आणि पुढची पिढी निपानिया, बिचोलीकडे फ्लॅट पाहू लागली आहे. फ्लॅट पाहणे सोपे, तो वेळेवर हाती पडणे कठीण. गेल्या काही महिन्यांत याच एका विषयावर वाचकांनी आमच्याकडे विचारणा केली, म्हणून या वेळचे पान त्यालाच देत आहोत.

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. नावगाव सांगण्याचे कारण नाही आणि हिशेब कळावा म्हणून आकडे आम्ही सोपे केले आहेत. फ्लॅटची किंमत 38 लाख रुपये. 1 एप्रिल 2021 रोजी बुकिंगचे 3 लाख 80 हजार दिले. ऑगस्टमध्ये कराराची रजिस्ट्री झाली आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी आणखी 7 लाख 60 हजार दिले. करारात ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 होती. ती उलटली, पुढचे वर्षही सरले, आणि इमारत तिसऱ्या मजल्यावरच अडली होती. गृहस्थ बिल्डरच्या कार्यालयात गेले तेव्हा त्यांच्याशी अतिशय गोड बोलणे झाले. "काका, पैसे परत हवेत ना? मग या फॉर्मवर सही करा, बाकीचे आम्ही पाहतो."

त्या फॉर्मवर शीर्षक होते 'बुकिंग रद्द करण्याचा अर्ज'. सगळी मेख तिथेच आहे. ग्राहकाने आपल्या मर्जीने बुकिंग रद्द केले तर किमतीच्या दहा टक्के रक्कम कापून घेण्याचे कलम बहुतेक करारांत असते आणि या करारातही ते होते. सही झाली असती तर 11 लाख 40 हजारांपैकी 3 लाख 80 हजार तिथेच गेले असते आणि व्याजाचा तर प्रश्नच उरला नसता. सुदैवाने गृहस्थांनी फॉर्म घरी आणला.

करार मोडला आहे तो बिल्डरने, हे पत्राच्या पहिल्या ओळीपासून दिसले पाहिजे. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सारे 'रेरा' म्हणतात, त्याच्या कलम 18 मध्ये ग्राहकापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत घ्यावयाची. घर हवेच असेल तर थांबावयाचे आणि ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागावयाचे. दोन्ही एकाच वेळी मागता येत नाहीत, म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी घरात बसून निर्णय करावा. 'लवकर ताबा द्या, नाहीतर पैसे परत करा' अशा वळणाची पत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतून बिल्डरला एवढेच कळते की ग्राहक अजून थांबायला तयार आहे.

आता व्याज. ते केव्हापासून मोजायचे, येथे भले भले चुकतात. विलंब सुरू झाल्यापासून व्याज मागावे असे सहजच वाटते. परंतु पैसे परत मागताना व्याज मोजावयाचे ते बिल्डरला रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून ती परत येईपर्यंत; कायद्याच्या व्याख्येतच, कलम 2 च्या 'झेडए' खंडात, हे स्पष्ट लिहिले आहे. दर राज्याच्या नियमांतून येतो. स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जाचा आधारदर, आणि त्यावर दोन टक्के, अशी त्याची रीत आहे. हिशेबापुरते आपण अकरा टक्के धरू. पत्र 1 एप्रिल 2025 चे. पहिल्या हप्त्यावर चार वर्षांचे व्याज 1,67,200 रुपये होते, दुसऱ्यावर साडेतीन वर्षांचे 2,92,600, मिळून 4,59,800. हेच व्याज ताब्याची तारीख उलटल्यापासून मोजले असते तर सव्वा वर्षाचे 1,56,750 इतकेच निघाले असते. म्हणजे एक तारीख चुकल्यास तीन लाखांचे नुकसान, आणि तेही आपल्याच हस्ताक्षरात!

पत्र लांबवू नये. इंदूरच्या बिल्डरला ते हिंदीत लिहिलेले बरे, आशय असा असावा: "अमुक तारखेच्या नोंदणीकृत करारानुसार फ्लॅटचा ताबा 31 डिसेंबर 2023 पर्यंत देण्याचे आपण मान्य केले होते. तो आजपर्यंत दिलेला नाही. म्हणून कलम 18 अन्वये मी प्रकल्पातून बाहेर पडत आहे. हे पत्र म्हणजे करारातील रद्दीकरणाच्या कलमाखालील अर्ज नव्हे आणि कोणतीही कपात मला मान्य नाही. भरलेले 11,40,000 रुपये, प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून नियमानुसार व्याजासह, तीस दिवसांत परत करावेत." खाली हप्त्यांची तारीखवार यादी द्यावी आणि पावत्यांच्या प्रती जोडाव्या, मूळ पावती किंवा मूळ करार कधीही हातचा सोडू नये. पत्र करारात दिलेल्या पत्त्यावरच पाठवावे, आणि त्याच दिवशी ई-मेलनेही. पूर्वीची रजिस्टर्ड डाक 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. तेव्हा आता स्पीड पोस्टने पाठवून पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. कर्ज असेल तर एक प्रत बँकेलाही द्यावी, कारण परत येणाऱ्या पैशातून आधी बँकेचे येणे फिटेल.

बिल्डरचे उत्तर बहुधा ठरलेले असते. पहिले म्हणणे असे की रेराकडे प्रकल्पाची नवी तारीख नोंदलेली आहे, ती अजून उलटलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात 6 डिसेंबर 2017 रोजी याचा निकाल लावला: विलंब मोजावयाचा तो ग्राहकाशी झालेल्या करारातील तारखेपासून, बिल्डरने नोंदणीच्या वेळी स्वतः दिलेली तारीख तिची जागा घेत नाही. करारात सहा महिन्यांची सवलत लिहिलेली असेल तर ती मात्र आपणच आधी धरून मोजावी. दुसरे म्हणणे वाळूचे, मजुरांचे, परवानग्यांचे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणी नोव्हेंबर 2021 मध्ये सांगितले की करारातील मुदतीत ताबा दिला नाही तर परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, अडचण कोणतीही असो.

तिसरे उत्तर जास्त फसवे. पत्र पोचल्यावर अचानक 'ताबा घ्या' असा निरोप येतो. अशा वेळी पूर्णत्वाचा दाखला मागावा. तो नसेल तर तो ताबा कागदावरचाच. किल्ली घेणे, नवा हप्ता भरणे किंवा वाढीव तारखेच्या पुरवणी करारावर सही करणे, यांपैकी काहीही केले तर बाहेर पडण्याचा आपला दावा आपणच दुबळा करतो. म्हणूनच पत्र तारीख उलटल्यावर लवकर गेलेले बरे.

तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर भोपाळच्या रेरा प्राधिकरणाकडे कलम 31 खाली तक्रार करता येते आणि हेच पत्र तिचा पाया होते. ग्राहक आयोगाची वाटही खुली आहे. भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे जावे, तेही कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

एक गोष्ट मात्र लपविण्यात अर्थ नाही. आदेश मिळणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. बिल्डरने आदेश पाळला नाही तर कलम 40 अन्वये ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचे प्रमाणपत्र निघून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि तेथे ते बरेचदा रेंगाळते. तहसीलला जप्ती करावयाची तर मालमत्ता ठाऊक हवी. बिल्डरच्या नावावरील न विकलेले फ्लॅट, भूखंड आणि बँक खाती यांची यादी वसुलीच्या अर्जाला ग्राहकानेच जोडलेली बरी. न विकलेल्या फ्लॅटांची माहिती रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मिळू शकते, आणि बिल्डरच्या खात्याचा क्रमांक आपल्याच जुन्या धनादेशाच्या किंवा भरण्याच्या नोंदीत सापडण्याचा संभव असतो.