मार्च एंड आणि शाळेचे अनुदान

समजा तुमच्या शाळेचा पट ६८ आहे. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेले आहे. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळे त्यातूनच भागवायचे.

२०२१ पासून हा पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडत नाही. खाते शून्य शिलकीचे असते आणि त्यावर फक्त खर्चाची मर्यादा मिळते, म्हणजे आपण म्हणतो ते 'लिमिट'. तेवढीच रक्कम राज्याच्या एका मुख्य खात्यातून थेट दुकानदाराला जाते. वर्ष संपले की न वापरलेले लिमिट निघून जाते. पूर्वी शिल्लक खात्यात तरी दिसायची, आता तीही नाही.

आता हे लिमिट २० मार्चला आले तर? समितीची सभा, दरपत्रके, खरेदी, साठा नोंद, ऑनलाईन पेमेंट, सगळे दहा दिवसांत! हातपंपाच्या दुरुस्तीला मिस्त्री मिळत नाही. तक्ते मात्र दुकानात तयार असतात, बिलासकट. मग तक्तेच येतात आणि पंप तसाच राहतो. कधी कधी तर आधी बिल येते आणि वस्तू "नंतर पाठवतो" म्हणतात. खरा धोका इथेच आहे.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरच्या खर्चाच्या घाईला आर्थिक शिस्तीचा भंग म्हटले आहे. पण लिमिट उशिरा सोडणाऱ्याला कोणी विचारत नाही. "पैसे परत का गेले?" हा प्रश्न मुख्याध्यापकालाच येतो. माझे मत स्पष्ट आहे: वस्तू न येता बिल चुकवण्यापेक्षा पैसे परत गेलेले बरे. मात्र लिमिट कोणत्या तारखेला आले, हे सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. उद्या तोच आपला पुरावा.

आपल्या हातात आणखी एक गोष्ट आहे. जुलैच्या सभेतच गरजांची क्रमवार यादी करून ठराव घ्या. पंप पहिला, वीजबिल दुसरे, तक्ते शेवटी. मिस्त्रीशीही तेव्हाच बोलून ठेवा. मार्चमध्ये दर फक्त ताजे करून घ्यावे लागतील.

आणि पालकहो, एप्रिलमध्ये शाळेत जाऊन साठा नोंदवही मागा. सगळी बिले २८ ते ३१ मार्चची आहेत का? वस्तू जुलैच्या यादीत होती का? ती वर्गात दिसते का? एवढे तीन प्रश्न विचारा. गुरुजींवर संशय म्हणून नाही, तर पुढच्या वर्षी लिमिट वेळेवर मागताना तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहावे म्हणून.