शंभरीच्या पणजीआजीला काय वाचून दाखवायचं?



घरातल्या पणजीआजीला शंभर वर्षं पूर्ण झाली की 'शतायुषी व्हा' हा नेहमीचा आशीर्वाद संपतो. त्यांनी शंभरी गाठलीच आहे! मग संदेशात लिहायचं काय?

महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १९५८ रोजी शंभर वर्षांचे झाले. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, पण ते वयासाठी नव्हतं. विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम आणि १९१६ सालचं महिला विद्यापीठ या कामांसाठी होतं. घरच्या संदेशातही आधी काम सांगावं, वय मागाहून. कामं मोजकीच घ्यावीत, पण त्यांना आठवतील अशी.

आमच्या मोहोपाड्याच्या घरी सगळे जमले, तेव्हा संदेश पाचच वाक्यांचा केला. एक वाक्य असं होतं: "रसायनीत कारखाने नव्हते तेव्हापासून तुम्ही या घरात पाणी गाळून भरत आलात." 'तुम्ही आमचं प्रेरणास्थान आहात' हे वाक्य मी खोडलं. ते कुणालाही लागू पडतं.

आता वाचण्याचं. सगळ्यांनी एका सुरात वाचावं असं वाटतं, पण माझं मत याविरुद्ध आहे. उतारवयात आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ, थ ही अक्षरं निसटतात. बोलणं कानावर पडतं, शब्द मात्र कळत नाहीत. वीस जण एकदम वाचू लागले की सगळ्यांचे शब्द मागेपुढे होतात आणि नुसता गलका उरतो. ओरडूनही उपयोग नाही, ओरडताना शब्द फाटतात.

म्हणून आम्ही पंखा आणि टीव्ही बंद केला, श्रवणयंत्राची बॅटरी सकाळीच बदलली. वाचणारा समोर, उजेडात बसला, म्हणजे ओठ दिसतात. प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग एकच वाक्य, सावकाश आणि खालच्या पट्टीत. पणतवंडांचे आवाज बारीक, म्हणून त्यांचं वाक्य त्यांच्या आईने पुन्हा म्हटलं. एकत्र फक्त शेवटचं 'जय जिनेंद्र' म्हटलं. ते ओळखीचं असल्याने गलक्यातही कळतं.

'ऐकू आलं का?' असं विचारू नका, त्यावर वृद्ध माणसं बहुधा मान डोलावतात. 'पाणी कुठून आणत होता?' असं विचारा. उत्तर नेमकं आलं, तर वाक्य पोहोचलं. आमच्याकडे उत्तराबरोबर विहिरीची अख्खी गोष्ट आली आणि उरलेली तीन वाक्यं तशीच थांबली. थांबू द्यावीत. कार्यक्रम दिवेलागणीआधीच, त्या ताज्यातवान्या असताना ठेवावा, म्हणजे अशा गोष्टींना वेळ उरतो.